एजाज : अलंकारापासून रचनेपर्यंत, बगदादपासून माहीमपर्यंत

रमजानच्या रात्री नाशिकच्या द्वारका, वडाळा नाका, जुने नाशिक या भागांतल्या मशिदींत तरावीहच्या नमाजात कुराण पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटले जाते. कान देऊन ऐकणाऱ्याला एक गोष्ट जाणवते. कुराणाच्या 114 सूरांपैकी 113 सूरांच्या आरंभी बिस्मिल्लाहची आयत लिहिलेली असते, पण पठण करणारा हाफिज ती प्रत्येक सूरेआधी मोठ्याने म्हणत नाही. ती तो मनात म्हणतो आणि महिनाभराच्या पठणात कुठेतरी एकदाच सर्वांना ऐकू जाईल अशी उच्चारतो. उत्तर महाराष्ट्रातले बहुतेक मुसलमान हनफी विचारशाखेचे आहेत. त्या शाखेच्या मते सूरांच्या आरंभीची बिस्मिल्लाह ही दोन सूरांमधली सीमा दाखवणारी स्वतंत्र आयत आहे, ती कोणत्याही एका सूरेची नाही. ती एकदा ऐकवली की पठणात काही उणे राहत नाही. कसारा घाट उतरून कोकणात गेले की रीत बदलते. कोकणी मुसलमान शाफई शाखेचे. त्यांच्याकडे बिस्मिल्लाह ही त्या त्या सूरेचीच पहिली आयत मानतात आणि जिथे सूरा मोठ्याने म्हणायची तिथे तीही मोठ्याने म्हणतात.

हा फरक नमाजाच्या रीतीपुरता वाटेल. पण सुमारे सहाशे वर्षांपूर्वी माहीमच्या बेटावर राहणाऱ्या एका शाफई विद्वानाने तो पार वेगळ्या कामाला लावला. आयत शब्दशः तीच असली तरी प्रत्येक सूरेच्या माथ्यावर तिचा अर्थ वेगळा आहे, असे धरून त्याने संपूर्ण कुराणावर अरबीत तफसीर, म्हणजे भाष्य, लिहिले. त्याचे नाव अली बिन अहमद अल-महाइमी. माहीमच्या दर्ग्यात ज्यांचा उरूस भरतो आणि ज्यांच्या मजारीवर मुंबई पोलिसांच्या मानाची चादर चढते, तेच हे मखदूम फकीह अली माहिमी. ते हिजरी 835 मध्ये, म्हणजे 1431च्या सुमारास, वारले. संत म्हणून त्यांना सारी मुंबई ओळखते. भाष्यकार म्हणून त्यांची ओळख मराठी वाचकाला जवळजवळ नाही, आणि मला ही मोठी उणीव वाटते. त्यांच्या भाष्याचे पूर्ण नाव 'तब्सीर अल-रहमान व तयसीर अल-मन्नान बि-बअ्दि मा युशीरु इला एजाज अल-कुरआन'. नावाचा शेवटचा भाग सांगतो की कुराणाच्या एजाजकडे बोट दाखवणाऱ्या काही गोष्टी या पुस्तकात आहेत. म्हणजे एजाज हा या ग्रंथातला एखादा मुद्दा नाही, ग्रंथाचा जाहीर हेतूच तो आहे. कैरोच्या बुलाक छापखान्यात हिजरी 1295 (इ.स. 1878) मध्ये तो दोन भागांत छापला गेला.

एजाज म्हणजे कुराणाचे असे अनन्यत्व की त्याच्यासारखे दुसरे रचू पाहणारा हतबल व्हावा. ही कल्पना कुराणातूनच निघते. विरोधक म्हणत होते की हे मुहंमदांनी स्वतः रचले आहे, हे कवीचे किंवा भविष्य सांगणाऱ्या काहिनाचे बोलणे आहे. त्यावर कुराणात पाच ठिकाणी आव्हान येते. एके ठिकाणी यासारखे बोलणे आणा असे म्हटले आहे, एके ठिकाणी दहा सूरा रचून आणा असे, दोन ठिकाणी फक्त एक सूरा आणा असे. आणि सतराव्या सूरेत सांगितले आहे की माणसे आणि जिन्न एकवटले तरी असे काही आणू शकणार नाहीत. कुराणातली सर्वांत छोटी सूरा अवघ्या तीन आयतींची आहे. म्हणजे आव्हानाची किमान मर्यादा तीन ओळींवर येते. ज्यांना हे आव्हान दिले ते अरब काव्यात मुरलेले होते. तरीही त्यांनी तीन ओळींचे उत्तर देण्याऐवजी बहिष्कार, युद्ध, स्वतःचे नुकसान असे महाग मार्ग पत्करले. सोपी वाट उपलब्ध असती तर त्यांनी ती सोडली नसती, हा या सगळ्या चर्चेतला पहिला युक्तिवाद. तो इतिहासाचा आहे, साहित्यशास्त्राचा नाही.

नवव्या शतकात बसरा आणि बगदादमध्ये बुद्धिवादी मुअतझिली विचारवंतांनी पुढचा प्रश्न विचारला. अरबांना जमले नाही हे मान्य; पण का जमले नाही? त्यांच्यातल्या अल-नज्जामचे उत्तर धीट होते. कुराणाच्या भाषेत मुळातच अशक्य असे काही नाही, ईश्वराने त्या काळच्या अरबांचे मन आणि सामर्थ्य त्या कामापासून वळवले, चमत्कार तो. या मताला 'सर्फा' म्हणतात, म्हणजे वळवणे. आज ते ऐकणाऱ्याला विचित्र वाटते, पण ते किरकोळ नव्हते. अकराव्या शतकात शिया विद्वान शरीफ मुर्तजा यांनी त्याच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि स्पेनमधल्या इब्न हज्मनेही तोच पक्ष घेतला. त्याचे बळ असे की भाषेची उत्तमता मोजण्याच्या कटकटीत पडावे लागत नाही.

त्याच्या विरोधात दोन आक्षेप आले आणि मला ते निर्णायक वाटतात. सामर्थ्य काढून घेतले असते तर ते काढून घेण्याआधीची अरबी कविता कुराणाच्या तोडीची निघायला हवी होती, आणि तसे कुणी दाखवले नाही. दुसरा आक्षेप ऐकणाऱ्यांच्या प्रतिक्रियेवर आहे. समजा एखादा म्हणाला, माझा चमत्कार असा की मी आता डोक्यावर हात ठेवतो आणि तुम्हा कुणालाही तो ठेवता येणार नाही. तसे झाले तर लोक स्वतःच्या लुळ्या हाताचे नवल करतील, त्याच्या हाताचे नाही. मक्केचे लोक मात्र स्वतःच्या असमर्थतेवर थक्क झाल्याचे कुठे सांगितलेले नाही. ते ऐकलेल्या शब्दांवर थक्क झाले. म्हणजे जे काही आहे ते शब्दांत शोधले पाहिजे.

शब्दांत कुठे, हा पुढच्या दोन शतकांचा विषय. दहाव्या शतकातल्या अल-रुम्मानीची पद्धत तुलना करण्याची होती. खुनाला देहान्त शिक्षा असावी या अर्थाची अरबांत एक म्हण होती, की मारण्यानेच मारणे थांबते. कुराणातल्या दुसऱ्या सूरेत हाच विचार येतो, पण तिथे समान बदल्याच्या न्यायात जीवन आहे असे म्हटले आहे. रुम्मानी दोन्ही शेजारी ठेवतो. म्हणीत अक्षरे चौदा, कुराणाच्या शब्दांत दहा. म्हणीत मारणे हा शब्द दोनदा येतो, इथे पुनरुक्ती नाही. म्हण नुसते मारणे म्हणते, त्यात अन्यायाने मारणेही आले. कुराणाचा शब्द न्याय्य प्रतिशोधापुरता आहे. शिवाय ज्या हेतूसाठी शिक्षा आहे तो हेतू, जीवन, कुराण उच्चारून सांगते, आणि अक्षरे जिभेवरून सहज ओघळतात. तुलना काटेकोर आहे. पण ती एका वाक्याला एका म्हणीपेक्षा सरस ठरवते, याहून जास्त काही करत नाही.

अल-बाकिल्लानी (मृत्यू 1013) याला ही अडचण दिसली. तो म्हणाला, उपमा, रूपक, अनुप्रास, विरोध हे अलंकार एजाजचा पुरावा होऊ शकत नाहीत, कारण ते शिकता येतात. अभ्यासाने, सरावाने, जिद्दीने माणूस अलंकार साधतो. याचा ढळढळीत दाखला पुढे भारतात मिळाला. अकबराचा कविराज फैजी, जो बादशहाचा वकील म्हणून अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे येऊन राहिला होता, त्याने 'सवाती अल-इल्हाम' नावाचे कुराणभाष्य लिहिले आणि त्यात नुक्ता असलेले एकही अक्षर वापरले नाही. अरबी वर्णमालेतली निम्म्याहून अधिक अक्षरे नुक्त्यांची आहेत. एवढी बंदी स्वतःवर घालून संपूर्ण भाष्य लिहिणे अचाट आहे, आणि तरी ते माणसाने केले. बाकिल्लानीला म्हणायचे होते ते हेच.

मग बाकिल्लानीने स्वतः काय दाखवले? कोणत्याही मोठ्या कवीचा दर्जा विषयागणिक वर-खाली होतो. कुणी स्तुतीत चांगला, कुणी निंदेत, कुणी घोड्याच्या वर्णनात. कुराण मात्र कथेकडून कायद्याकडे, धमकीकडून सांत्वनाकडे जाते तरी पातळी सोडत नाही. हे सिद्ध करायला त्याने इम्रु-उल-कैसची सर्वांत नावाजलेली दीर्घ कविता ओळीओळीने फाडून तिचे दोष दाखवले. पुस्तकाचा हा भाग मला अन्यायकारक वाटतो. प्रेयसीच्या आठवणीने विव्हळणाऱ्या कवीकडे तर्कशुद्धतेची मागणी करणे म्हणजे कवितेला भलत्याच न्यायालयात उभे करणे आहे. दुसऱ्याची उंची कमी करून आपली वाढत नाही, आणि अनन्यत्व तर नाहीच.

खरी वाट सापडली ती कॅस्पियन समुद्राजवळच्या गुरगान गावातल्या एका व्याकरणकाराला. अब्दुल काहिर अल-जुरजानी (मृत्यू 1078) याच्या 'दलाइल अल-एजाज' या ग्रंथाने चर्चेचा पायाच बदलला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: सुटा शब्द सुंदरही नसतो आणि कुरूपही. एकच शब्द एका ओळीत मन जिंकतो आणि दुसरीत खुपतो, म्हणजे सौंदर्य शब्दाचे नव्हे, त्याच्या जागेचे. आणि जागा ठरते व्याकरणाने. कर्ता आधी ठेवायचा की क्रियापद, नाम निश्चित ठेवायचे की अनिश्चित, कर्तरी म्हणायचे की कर्मणी, काय उच्चारायचे आणि काय गाळायचे, अशा शेकडो शक्यता व्याकरण मोकळ्या ठेवते. अर्थाला नेमकी हवी तीच शक्यता निवडणे याला तो 'नज्म' म्हणतो, म्हणजे गुंफण. एजाज शोधायचा तो या निवडींत.

त्याने सुरुवातीलाच घेतलेले उदाहरण हजरत नूह यांच्या महापुराच्या शेवटाचे आहे. अकराव्या सूरेतली ती एकच आयत. तिच्यात पृथ्वीला हाक मारून तिचे पाणी गिळायला सांगितले जाते, आकाशाला थांबायला सांगितले जाते, पाणी ओसरते, निवाडा होतो, नौका जूदी डोंगरावर टेकते आणि जुलमी लोकांना दूर लोटणारा शब्द उच्चारला जातो. जुरजानी म्हणतो, यातला एकेक शब्द बाजूला काढून बघा, कुठलाही शब्द स्वतः थोर नाही. आता जोडण्या बघा. पृथ्वीला आधी हाक आहे, मग आज्ञा. हाक अरबीतल्या सर्वांत साध्या, थेट संबोधनाने मारली आहे, लांबण लावलेली नाही. गिळायचे ते नुसते पाणी नाही, तिचे पाणी. एका सर्वनामाने पाणी पृथ्वीच्या मालकीचे झाले. लगेच आकाशाला हाक आणि त्याच्या स्वभावाला साजेशी आज्ञा. मग पाणी ओसरल्याचे क्रियापद कर्मणी आहे: पाणी आपण होऊन ओसरले नाही, ओसरवले गेले, आणि ओसरवणाऱ्याचे नाव घेण्याची गरजच नाही. मग निवाडा पूर्ण झाल्याचे, तेही कर्मणी. मग नौका टेकली, पण नौका हा शब्द वाक्यात नाहीच. इतक्या मोठ्या घटनेत ती कोण हे सांगावे लागू नये यातच तिचा मोठेपणा. आणि शेवटी, आयत जशी सांगितले गेले या कर्मणी क्रियापदाने उघडली तशीच त्याच क्रियापदाने मिटते. सबंध आयतीत आज्ञा देणारा एकदाही दिसत नाही आणि त्याच्याशिवाय दुसरे काही जाणवत नाही.

हे वाचताना मराठी वाचकाला आनंदवर्धन आणि कुंतक आठवणे साहजिक आहे. काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने नवव्या शतकात आणि कुंतकाने जुरजानीच्या थोडे आधी हेच ताडले होते, की काव्याचा प्राण दागिन्यात नाही. कुंतक तर प्रत्यय, वचन, लिंग, सर्वनाम यांच्या निवडीतली वक्रता दाखवत वाक्यापर्यंत आणि तिथून प्रकरण व पूर्ण प्रबंधापर्यंत चढत जातो. फरक आहे तो गरजेत. आपल्याकडे साहित्यशास्त्राला वेदाचे प्रामाण्य सिद्ध करायचे नव्हते; मीमांसकांनी वेद अपौरुषेय ठरवला तो त्याला कर्ताच नाही या युक्तिवादाने, त्याच्या शब्दकळेच्या बळावर नव्हे. अरबीत मात्र साहित्यशास्त्र आणि धर्मशास्त्र एकाच प्रश्नाला जोडले गेले, आणि म्हणून एका सर्वनामाची चर्चा श्रद्धेच्या पायाशी जाऊन भिडते.

जुरजानीच्या पद्धतीला मर्यादा होती: ती वाक्यापाशी किंवा फार तर आयतीपाशी थांबते. कुंतकाची प्रबंधापर्यंतची चढण त्याच्याकडे नाही. बाराव्या शतकात अल-जमखशरीने 'अल-कश्शाफ' या भाष्यात ही पद्धत संपूर्ण कुराणाला लावली, तीही आयतीमागून आयत. पण कुराण पहिल्यांदा वाचणाऱ्याला जो प्रश्न पडतो तो वाक्याचा नसतोच. तो विचारतो, वारशाच्या नियमांनंतर एकदम ही कथा कशी, आणि कथेत मध्येच पावसाचे वर्णन का? कुराण तेवीसएक वर्षांत प्रसंगाप्रसंगाने उतरले आणि त्याचा ग्रंथातला क्रम उतरण्याच्या क्रमाहून वेगळा आहे. मग या क्रमालाही अर्थ आहे का? फखरुद्दीन राझी (मृत्यू 1210) याने आपल्या विस्तृत भाष्यात जागोजागी म्हटले की आहे, पण त्याच्या भाष्यात इतर शेकडो विषयांच्या गर्दीत हा धागा सारखा निसटतो.

महाइमींचे काम इथे उभे राहते. त्यांनी हा एकच धागा हातात धरला आणि पहिल्या सूरेपासून शेवटच्या सूरेपर्यंत सोडला नाही. लिहिण्याची रीतही त्याला अनुरूप निवडली. कुराणाचे शब्द आणि स्वतःचे शब्द एकात एक विणत ते जातात, दोन आयतींच्या मध्ये चार-सहा शब्दांचा दुवा घालतात आणि मग याकडे निर्देश केला असे म्हणत पुढच्या आयतीत शिरतात. सलग वाचले तर सूरा एका दमात बोललेल्या भाषणासारखी ऐकू येते. कैरोतल्या अल-बिकाईचे 'नज्म अल-दुरर' हे आयतींच्या संबंधांवरचे सर्वांत मोठे भाष्य मानले जाते. तो 1480 मध्ये वारला, महाइमींनंतर जवळपास अर्ध्या शतकाने. त्याने महाइमींचे लेखन पाहिले होते असा माझा दावा नाही. पण कोकण किनाऱ्यावर हा विचार एका पूर्ण भाष्यात आधी उतरला होता, एवढे नक्की.

सूरांच्या नावांवर त्यांनी जे लिहिले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. सूरांची नावे बहुधा आतल्या एखाद्या शब्दावरून पडली आहेत: गाय, मधमाशी, कोळी, मुंगी. बहुतेक भाष्यकार नाव म्हणजे ओळखीची खूण एवढेच मानतात. महाइमी प्रत्येक वेळी विचारतात की एवढ्या मोठ्या सूरेला नेमके हेच नाव का, आणि उत्तर सूरेच्या मुख्य हेतूला नेऊन भिडवतात. कोळ्याच्या सूरेबद्दल ते म्हणतात की मूर्तींच्या बळावर विसंबणारा माणूस जाळ्यावर विसंबलेल्या कोळ्यासारखा आहे. क्षुल्लक किड्याचा किंवा वाऱ्याचा स्पर्शही न सोसणारे ते घर ऊन-थंडी काय अडवणार? एकेश्वरत्वाची हाक यात सर्वांत पुरी होते, म्हणून नाव हे. मधमाशीच्या सूरेत ईश्वर मधमाशीला डोंगर, झाडे आणि मांडव या तीन ठिकाणी घर करायची प्रेरणा देतो. महाइमी त्यात कुराणाच्या वाचकाचीच कृती पाहतात: ईश्वर आपल्या काही भक्तांना या ग्रंथातून गोड आणि गुणकारी सार काढायची प्रेरणा देतो, शब्दांना उंच जागा देऊन, त्यांचे फळ देणारे अर्थ घेऊन आणि त्यांना वर चढवून.

मुंगीच्या सूरेवर जरा थांबतो, कारण त्यांची पद्धत कुठे टिकते हे तिथे तपासता येते. सत्ताविसाव्या सूरेत हजरत सुलेमान यांचे सैन्य मुंग्यांच्या खोऱ्यात येते. एक मुंगी इतरांना सांगते, आपापल्या घरांत शिरा, नाहीतर सुलेमान आणि त्यांचे सैन्य तुम्हाला चिरडतील, आणि ते त्यांच्या लक्षातही येणार नाही. जुन्या साहित्यशास्त्रज्ञांनी या एका आयतीत हाक, आज्ञा, सावधगिरी, कारण असे बोलण्याचे कितीतरी प्रकार मोजून तिचे कौतुक केले होते. ते सगळे वाक्याच्या पातळीवरचे. महाइमींनी शेवटचा तुकडा उचलला. ते लक्षातही येणार नाही, एवढे म्हणून मुंगीने सैन्याची बाजू सावरली. पैगंबर आणि त्यांचे अनुयायी जाणूनबुजून कुणाचे वाईट करत नाहीत हे मुंगीलाही ठाऊक आहे, आणि ज्यांच्यावर एवढा भरवसा ठेवता येतो त्यांचा संदेश विश्वासार्ह ठरतो. हा विश्वास निर्माण करणे कुराणाच्या मोठ्या हेतूंपैकी एक, म्हणून सूरेला मुंगीचे नाव.

हे चातुर्य आहे की सूरेत खरोखर असलेली गोष्ट? मी यासाठी एक साधी कसोटी लावतो: भाष्यकाराने दाखवलेला धागा सूरेच्या स्वतःच्या शब्दांत दुसरीकडे पुन्हा वर येतो का? इथे येतो. मुंगीच्या तोंडचे त्यांच्या लक्षात येणार नाही या अर्थाचे शब्द, जसेच्या तसे, त्याच सूरेत पन्नासाव्या आयतीत परत येतात. तिथे समूद लोकांच्या नगरातले नऊ गुंड शपथा घेऊन हजरत सालेह यांच्यावर रात्री हल्ला करायचा कट शिजवतात, आणि त्याच वेळी ईश्वराची योजना चालू असते जी त्यांच्या लक्षात येत नाही. म्हणजे एकीकडे नकळत इजा होऊ नये म्हणून जिची दखल घेतली जाते ती मुंगी, दुसरीकडे ठरवून खून करू पाहणारी माणसे, आणि दोन्हींवर तेच शब्द. पासष्टाव्या आयतीत ते क्रियापद तिसऱ्यांदा येते: आपण पुन्हा कधी उठवले जाऊ याची कुणाला जाणीव नाही. हे पुनरावर्तन मी मांडतो आहे, महाइमींच्या नावावर घालत नाही. पण त्यांनी ज्या तुकड्यावर बोट ठेवले तोच तुकडा सूरेचा कणा निघतो, आणि म्हणून त्यांची नजर खरी वाटते. सुलेमान यांनी सबाच्या राणीला लिहिलेल्या पत्राच्या आरंभी बिस्मिल्लाह येते तीही याच सूरेत. तेवढी एक बिस्मिल्लाह कुराणाच्या मजकुरातलीच आहे याबद्दल हनफी-शाफई असा कुणाचाच वाद नाही.

सूरांच्या माथ्यावरच्या बिस्मिल्लाहचे मात्र तसे नाही. महाइमी तिच्यातल्या ईश्वराच्या तीन नावांना, अल्लाह, रहमान आणि रहीम, प्रत्येक सूरेच्या विषयाशी वेगवेगळे जोडतात, म्हणून तोच मजकूर त्यांच्या भाष्यात सूरेगणिक नवा वाचला जातो. शाफई असल्यामुळे त्यांना तसा आधारही होता: आयत त्या सूरेचीच असेल तर तिचा अर्थ त्या सूरेतून का उमलू नये? इब्न अरबीच्या विचारांत ते मुरलेले होते आणि ईश्वर आपल्या नामांतून जागोजागी वेगळा प्रकट होतो ही त्यांची श्रद्धा होती. ध्यान म्हणून हे फार सुंदर आहे. पुरावा म्हणून मात्र माझ्या कसोटीला ते उतरत नाही, कारण सूरेतले कोणतेही शब्द त्या अर्थाला होकार किंवा नकार देत नाहीत.

हा संशय माझा एकट्याचा नाही. तेराव्या शतकातल्या इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांनी बजावले होते की संबंध शोधणे चांगले, पण बोलणे एका विषयाचे आणि आदि-अंत जोडलेले असेल तरच; वेगवेगळ्या कारणांनी वेगवेगळ्या वर्षी उतरलेल्या आयतींत ओढून ताणून दुवा काढला तर तो तकलादूच निघणार. येमेनच्या अल-शौकानी (मृत्यू 1834) यांनी त्याहून कडक लिहिले. कुराण प्रसंगोपात उतरले हे साऱ्यांना माहीत असताना प्रत्येक जोडीत नाते शोधण्याचा हट्ट विरोधकांच्या हाती कोलीत देतो: एखादा दुवा फसवा ठरला की ते म्हणतील, बघा, तुमचे अनन्यत्व असल्या आधारावर उभे आहे. बिकाईचे नाव घेऊन त्यांनी ही टीका केली, पण ती महाइमींनाही लागू पडते. दुसरीकडे दमास्कसच्या जमालुद्दीन अल-कासिमी (1866-1914) यांनी आपल्या 'महासिन अल-तावील' या भाष्यात सूरेच्या नावाचे कारण सांगताना महाइमींचा हवाला वारंवार दिला. कोळी, मधमाशी, मुंगी यांच्याबद्दल मी वर जे सांगितले तेही तिथे सापडते. कासिमींनी नावांवरचे विवेचन उचलले. महाइमींच्या सर्वांत टिकाऊ भागाची पारख त्यात दिसते.

एवढ्या प्रवासात एक गोष्ट सुटत नाही आणि ती सांगितली पाहिजे. रुम्मानी, जुरजानी, महाइमी तिघेही उत्तमता दाखवतात. पुढचे पाऊल, की हे माणसाला अशक्यच आहे, साहित्याच्या विश्लेषणातून निघत नाही. त्यासाठी पुन्हा त्या पहिल्या ऐतिहासिक युक्तिवादाकडे जावे लागते, की ज्यांना शक्य असते त्यांनी केले नाही. जुरजानीला हे ठाऊक होते, म्हणून त्याने अरबांच्या हतबलतेवर 'अल-रिसाला अल-शाफिया' ही वेगळी पुस्तिका लिहिली. साहित्यशास्त्र त्या हतबलतेचे कारण समजावते. ती घडली याची साक्ष इतिहासाने द्यायची आणि तिचा अर्थ श्रद्धेने लावायचा.

मराठीतून कुराण वाचणाऱ्याच्या वाट्याला यातले काय येते? जुरजानीने दाखवलेल्या निवडी बहुतांशी अरबी व्याकरणाच्या आहेत. पुराच्या आयतीतले कर्मणी प्रयोग आणि तिचे पाणी हे सर्वनाम मराठीत येऊ शकते, गाळलेली नौकाही येऊ शकते. अक्षरांची लय, वाक्य मिटण्याची यमके, अनिश्चित नामातला सूर हे येत नाही. महाइमींचा युक्तिवाद मात्र भाषांतरातही टिकतो, कारण तो रचनेचा आहे: काय आधी, काय नंतर, कुठला शब्द फिरून कुठे आला. त्याला फक्त दोनच गोष्टी लागतात. क्रम हलता कामा नये, आणि मुंगीच्या तोंडी जे शब्द योजले तेच भाषांतरकाराने पन्नासाव्या आयतीतही योजले पाहिजेत.

या दृष्टीने विनोबांचे 'कुराण-सार' विचारात घेण्यासारखे आहे. विनोबा अरबी शिकले, मूळ कुराण त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यासले आणि साठच्या दशकाच्या आरंभी निवडक आयती विषयवार लावून हे संकलन दिले. मराठी घरात जन्मलेल्या कुणी कुराणाची केलेली ही सर्वांत प्रेमळ सेवा असावी. ईश्वर, भक्ती, नीती असे विषय एकत्र आल्यामुळे परक्या वाचकाला आधार मिळतो. पण तशा मांडणीत मुंगीची आयत एका प्रकरणात जाईल आणि नऊ गुंडांची दुसऱ्या. दोन्ही आयतींचा अर्थ शाबूत राहील. त्यांच्यामधले नाते, ज्या जातीच्या नात्यांत महाइमी एजाज पाहत होते, ते मात्र त्या पुस्तकात शोधता येणार नाही. त्यासाठी सत्ताविसावी सूरा तिच्या त्र्याण्णव आयतींसह, ओळीने, एका बैठकीत वाचावी लागते.